भाव वाढला, तरी हिशोब चुकतोय? BTCUSD आणि BTCUSDT मधला घोळ कसा तपासायचा

ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. स्क्रीनशॉट वेगळे असतात, माणसं वेगळी असतात, पण बिघाड तोच. क्रिप्टो एक्सचेंजवर फ्युचर्सच्या यादीत दोन नावं शेजारी शेजारी दिसतात, BTCUSD आणि BTCUSDT. एका T चा फरक म्हणून लोक सोडून देतात. प्रत्यक्षात पहिल्यात मार्जिन, म्हणजे सौद्यामागचं तारण, बिटकॉइनमध्ये ठेवावं लागतं आणि नफा-तोटाही बिटकॉइनमध्येच होतो. याला इन्व्हर्स काँट्रॅक्ट म्हणतात. दुसऱ्यात मार्जिन, नफा, तोटा सगळं यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरशी बांधलेल्या स्टेबलकॉइनमध्ये, असतं. हा लिनिअर काँट्रॅक्ट. एकाचे हिशोब दुसऱ्याला लावले की पुढची लक्षणं दिसू लागतात.

## लक्षणं

- भाव २० टक्के वाढला, एक पट लिव्हरेजचा, म्हणजे मार्जिनइतक्याच रकमेचा, लाँग म्हणजे तेजीचा सौदा होता, पण स्क्रीनवर नफा १६.६७ टक्केच दिसतोय.
- एक पट लाँग घेतला होता, "एक पटीला काय होणार" असं वाटत होतं, आणि भाव अर्ध्यावर येण्याआधीच पोझिशन लिक्विडेट झाली, म्हणजे मार्जिन संपत आल्यामुळे एक्सचेंजने ती बळजबरीने बंद केली.
- शॉर्टमध्ये, म्हणजे मंदीच्या सौद्यात, कॉइन वाढलं, पण खात्याची डॉलरमधली किंमत जागची हलली नाही.
- दोन वेगवेगळ्या भावांना सारखीच खरेदी केली, तरी सरासरी भाव दोघांच्या मधोमध न दिसता खाली दिसतोय.
- पोझिशनला हात लावला नाही, पण खात्यातलं कॉइन रोज थोडं थोडं घटतंय.

यातली बहुतेक लक्षणं म्हणजे एक्सचेंजची चूक नसते. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या करा, मग पुढे जा.

## पहिली तपासणी: काँट्रॅक्टचं नाव आणि मार्जिनचं चलन

पोझिशनच्या ओळीत "मार्जिन" या रकान्यासमोर कोणतं चलन लिहिलंय ते बघा. तिथे BTC असेल तर इन्व्हर्स, USDT किंवा USDC असेल तर लिनिअर. बायनान्सवर हे दोन विभाग वेगळे आहेत, इन्व्हर्सचा COIN-M आणि लिनिअरचा USDⓈ-M. पर्पेच्युअल, म्हणजे मुदत नसलेल्या, इन्व्हर्सचं नाव BTCUSD_PERP असं दिसतं.

लगेच काँट्रॅक्टचा आकारही बघून घ्या. लिनिअरमध्ये संख्येच्या रकान्यात १ टाकलं की सहसा १ बिटकॉइन धरलं जातं. इन्व्हर्समध्ये १ म्हणजे ठरावीक डॉलर. बायनान्सच्या COIN-M वर बिटकॉइनचा एक काँट्रॅक्ट १०० डॉलरचा आणि इतर कॉइन्सचा १० डॉलरचा, डेरिबिटच्या बिटकॉइन पर्पेच्युअलमध्ये १० डॉलरचा, बायबिटच्या BTCUSD मध्ये १ डॉलरचा. "मी ५०० घेतले" असं कोणी सांगितलं की मी सगळ्यात आधी हेच विचारतो: ५०० काय?

या तपासणीला मिनिट लागत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. "मला वाटलं यूएसडीटीचं आहे" हे वाक्य ऐकू आलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

## दुसरी तपासणी: नफ्याचं सूत्र कागदावर मांडून बघा

अ‍ॅपमधल्या टक्क्यांवर विसंबू नका. दोन ओळींचं काम आहे.

```
Linear : PnL (USDT) = BTC qty × (exit − entry)
Inverse: PnL (BTC)  = USD contracts × (1/entry − 1/exit)
```

शॉर्ट असेल तर चिन्ह उलटं. दुसऱ्या ओळीत contracts म्हणजे डॉलरमधली एकूण रक्कम, म्हणून १०० डॉलरचे ५०० काँट्रॅक्ट असतील तर तिथे ५०,००० टाकायचे.

आता आकडे घालू. भाव ५०,०००, खात्यात १ बिटकॉइन, आणि ५०,००० डॉलरचा इन्व्हर्स लाँग. म्हणजे बरोबर एक पट. भाव ६०,००० झाला की नफा = ५०,००० × (१/५०,००० − १/६०,०००) = ०.१६६७ बिटकॉइन. स्क्रीनवरचे १६.६७ टक्के इथून आले. पण हे ०.१६६७ बिटकॉइन आजच्या ६०,००० च्या भावाने विकले तर पूर्ण १०,००० डॉलर मिळतात, म्हणजे लिनिअरइतकेच. नफा कमी झालेला नाही. तो महागलेल्या कॉइनमध्ये मोजला गेलाय, म्हणून कॉइनची संख्या कमी दिसते.

उलट भाव ४०,००० झाला तर तोटा ०.२५ बिटकॉइन. २० टक्के वर गेल्यावर १६.६७ टक्के मिळाले, २० टक्के खाली आल्यावर २५ टक्के गेले. लोकांना इथे लबाडीचा वास येतो. लबाडी नाही, भाव भागाकारात बसलाय म्हणून असं होतं. स्वस्त झालेल्या कॉइनमध्ये तेवढ्याच डॉलरचा तोटा भरायला जास्त कॉइन लागतात.

सरासरी भावाचं लक्षणही याच सूत्रातून येतं. १०,००० डॉलर ४०,००० च्या भावाला आणि १०,००० डॉलर ६०,००० च्या भावाला घेतले, तर पहिल्यात ०.२५ आणि दुसऱ्यात ०.१६६७ बिटकॉइनइतकी पोझिशन झाली. २०,००० ला ०.४१६७ ने भागा, ४८,००० येतात. ५०,००० येणारच नाहीत. स्क्रीनवर ४८,००० दिसत असेल तर यंत्रणा बरोबर आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. बिटमेक्सवरचा ETHUSD दिसायला असाच आहे, पण तो क्वांटो प्रकारचा. त्याचा नफा बिटकॉइनमध्ये ठरावीक गुणकाने मोजतात. त्याला वरचं कोणतंच सूत्र लागू नाही.

## तिसरी तपासणी: खात्यात खरोखर किती बिटकॉइनची जोखीम आहे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. इन्व्हर्समध्ये मार्जिन म्हणून ठेवलेलं कॉइनसुद्धा भावाबरोबर वरखाली होत असतं. म्हणून पोझिशन एकटी बघून भागत नाही.

```
Net BTC exposure = account equity (BTC) + USD contracts / price
```

शॉर्ट असेल तर बेरजेऐवजी वजाबाकी. वरच्या उदाहरणात १ + १ = २ बिटकॉइन. भाव ६०,००० झाल्यावर परत मोजा: १.१६६७ + ०.८३३३, पुन्हा २. भाव कुठेही गेला तरी २ च. म्हणजे स्क्रीनवर "१x" लिहिलं असलं, तरी या माणसाकडे २ बिटकॉइन आणि डोक्यावर ५०,००० डॉलरचं कर्ज आहे. घरातलं सोनं गहाण ठेवून आलेल्या पैशातून आणखी तेवढंच सोनं घ्यावं, असा हा व्यवहार. सोनं उतरलं की गहाण आणि खरेदी दोन्ही एकाच वेळी उतरतात.

| भाव | नफा/तोटा (BTC) | खात्यात (BTC) | डॉलरमध्ये |
|---|---|---|---|
| ६०,००० | +०.१६६७ | १.१६६७ | ७०,००० |
| ५०,००० | ० | १ | ५०,००० |
| ४०,००० | −०.२५ | ०.७५ | ३०,००० |
| ३०,००० | −०.६६६७ | ०.३३३३ | १०,००० |
| २५,००० | −१ | ० | ० |

शेवटचा रकाना बघा. भावात दर १०,००० चा फरक पडला की खात्यात २०,००० चा फरक पडतो. ५०,००० यूएसडीटी ठेवून एक पट लिनिअर लाँग घेतला असता, तर २५,००० च्या भावालाही खात्यात २५,००० उरले असते आणि खातं शून्य व्हायला भावच शून्य व्हावा लागला असता.

हे नुसतं कागदावरचं नाही. १२ मार्च २०२० ला बिटकॉइन साधारण ७,९०० डॉलरवरून घसरत ५,००० च्या खाली गेलं आणि १३ तारखेला ४,००० चीही पातळी तुटली. ७,९०० ला घेतलेला एक पट इन्व्हर्स लाँग ३,९५० ला शून्यावर येतो. म्हणजे ज्यांना आपण कर्जच घेतलेलं नाही असं वाटत होतं, तेही त्या दोन दिवसांत लिक्विडेशनच्या तोंडाशी होते. त्या काळी बिटमेक्सवरच्या मुख्य काँट्रॅक्टचं मार्जिन बिटकॉइनमध्येच होतं. मार्जिन आणि पोझिशन एकत्र घसरत होते, त्यातून विक्री, विक्रीतून पुन्हा घसरण, असं ते चक्र चाललं.

शॉर्टची तक्रारही इथेच सुटते. १ बिटकॉइन ठेवून ५०,००० डॉलरचा इन्व्हर्स शॉर्ट घेतला की हिशोब १ − १ = ०. भाव ४०,००० झाला तर खात्यात १.२५ बिटकॉइन, किंमत ५०,००० डॉलर. भाव ६०,००० झाला तर ०.८३३३ बिटकॉइन, किंमत तेव्हाही ५०,००० डॉलर. कॉइन वाढतंय पण डॉलर हलत नाहीत, कारण तुम्ही मंदीवर पैज लावलेलीच नाही. तुम्ही कॉइनचे डॉलर करून ठेवलेत. मंदीतून डॉलरमध्ये नफा हवा असेल, तर याहून मोठा शॉर्ट लागतो, आणि मग भाव वाढला की तोटाही खरा होतो.

## चौथी तपासणी: लिक्विडेशनचा भाव दोन्हीकडे मांडा

अ‍ॅप जो लिक्विडेशनचा भाव दाखवतं तो मेंटेनन्स मार्जिन, म्हणजे पोझिशन चालू राहायला लागणारं किमान मार्जिन, धरून असतो, म्हणून तो मार्जिन पूर्ण संपण्याच्या भावाच्या थोडा अलीकडे येतो. मुळातलं गणित मात्र सोपं आहे. L म्हणजे लिव्हरेज:

```
Inverse long : entry × L / (L + 1)
Inverse short: entry × L / (L − 1)
Linear long  : entry × (1 − 1/L)
Linear short : entry × (1 + 1/L)
```

२ पट लाँगला इन्व्हर्समध्ये ३३ टक्के घसरण पुरते, लिनिअरमध्ये ५० टक्के लागते. १० पटीला हा फरक ९.१ विरुद्ध १० टक्के इतका बारीक होतो. म्हणजे गैरसमजाचा सगळ्यात मोठा फटका जपून खेळणाऱ्यांना बसतो. १० पटवाल्याला तसं फारसं काही वेगळं घडत नाही.

शॉर्टमध्ये गोष्ट उलटी. २ पट इन्व्हर्स शॉर्टला भाव दुप्पट व्हावा लागतो, लिनिअरमध्ये ५० टक्के वाढ पुरते. एक पट इन्व्हर्स शॉर्टला सूत्रात शून्याने भागाकार येतो, कारण वरच्या बाजूला त्याला मर्यादाच नाही. आपलं कॉइन बाजाराच्या घसरणीपासून सांभाळायचं असेल तर इन्व्हर्स काँट्रॅक्टचं खरं काम हे आहे, आणि त्यासाठी त्याला तोड नाही.

आणि स्लायडरवर जे लिव्हरेज दिसतं त्यावर जाऊ नका. क्रॉस मार्जिनमध्ये अख्खं खातं पोझिशनच्या मागे उभं असतं, म्हणून स्लायडर १० वर असूनही खरं लिव्हरेज एकाहून कमी असू शकतं. पोझिशनची बिटकॉइनमधली किंमत भागिले खात्यातली इक्विटी, हा आकडा सूत्रात घाला.

## पाचवी तपासणी: फंडिंग आणि मार्जिनमध्ये मिसळलेली चलनं

रोज घटणाऱ्या कॉइनचं कारण बहुधा फंडिंग, म्हणजे लाँग आणि शॉर्टवाल्यांनी ठरावीक वेळी एकमेकांना द्यायची रक्कम, असतं. बायनान्सच्या BTCUSD_PERP वर ते दर आठ तासांनी, भारतीय वेळेनुसार पहाटे ५:३०, दुपारी १:३० आणि रात्री ९:३० ला होतं. दर ०.०१ टक्के असेल आणि पोझिशन १ बिटकॉइनची असेल, तर लाँगवाला एका वेळेला ०.०००१ बिटकॉइन शॉर्टवाल्याला देतो, दिवसाला ०.०००३. व्यवहारांच्या इतिहासात "Funding Fee" निवडून महिन्याची बेरीज करा. ही रक्कम इन्व्हर्समध्ये कॉइनमधून जाते, म्हणून नफ्याच्या आकड्यात न दिसता शिलकेत दिसते.

दुसरी जागा म्हणजे एकत्रित खातं. बऱ्याच एक्सचेंजवर आता बिटकॉइन तारण ठेवून यूएसडीटीचा लिनिअर काँट्रॅक्ट घेता येतो. नाव BTCUSDT असतं, सूत्र लिनिअरचंच चालतं, पण तारण कॉइनचं असल्यामुळे भाव पडला की तेही सोबत आक्रसतं. त्यात एक्सचेंज तारणाची किंमत धरताना काही टक्के कापून धरतं. अशा खात्यात लाँग असेल तर जोखीम इन्व्हर्ससारखीच वागते. नाव लिनिअर असूनही लिक्विडेशन लवकर आलं, असं कोणी सांगितलं तर मी हे आधी बघतो.

आणि नुसतं स्टेबलकॉइन ठेवलं म्हणजे सगळं निश्चिंत, असंही नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी काढणाऱ्या सर्कलने आपले ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकल्याचं सांगितलं, आणि यूएसडीसी काही काळ ९० सेंटच्याही खाली गेलं. दोन-तीन दिवसांत ते सावरलं. पण त्या वेळी ज्यांचं मार्जिन आणि नफा यूएसडीसीत होता, त्यांच्यासाठी स्क्रीनवरचा एक डॉलर हा पूर्ण डॉलर नव्हता. लिनिअरमधली ही जोखीम सूत्रात कुठेच दिसत नाही.

## सहावी तपासणी: हेतू आणि काँट्रॅक्ट जुळतात का

ही सगळ्यात अवघड, कारण इथे पोझिशन बदलावी लागते.

एका ओळखीच्या माणसाची केस सांगतो. कामाचा मोबदला त्याला बिटकॉइनमध्ये मिळाला होता, ०.४ बिटकॉइन, भाव ६२,५००. म्हणजे २५,००० डॉलर. तीन महिन्यांनी पैसे लागणार होते, तोवर किंमत पडू नये एवढंच हवं होतं. त्याने यूएसडीटीचं मार्जिन ठेवून ०.४ चा लिनिअर शॉर्ट घेतला. भाव चढू लागला, शॉर्टच्या मार्जिनमधले यूएसडीटी संपत आले. कॉइनची किंमत तेवढीच वाढली होती, पण ते कॉइन वॉलेटमध्ये होतं आणि शॉर्ट वाचवायला रोख यूएसडीटी हवे होते. हिशोबाने तो सुरक्षित होता, तरी लिक्विडेशनची भीती खरी होती.

त्याच्यासाठी योग्य मांडणी अशी: ०.४ बिटकॉइन COIN-M मध्ये ठेवायचं आणि १०० डॉलरचे २५० काँट्रॅक्ट शॉर्ट करायचे. खात्याची किंमत २५,००० डॉलरच्या आसपास राहते आणि वर लिक्विडेशन नाही. सगळं कॉइन एक्सचेंजवर ठेवायची धास्ती वाटत असेल, आणि ती रास्त आहे, तर ०.२ आत आणि ०.२ बाहेर ठेवता येतं. पण मग आतल्या मार्जिनच्या दृष्टीने तोच शॉर्ट २ पट होतो आणि १,२५,००० च्या थोडं अलीकडे लिक्विडेशन येतं. एक धोका कमी केला की दुसरा वाढतो. किती आत ठेवायचं हे त्या दोन धोक्यांकडे बघून ठरवायचं.

उलट ज्याला डॉलरमध्ये विचार करायचाय, तेजीत सरळ नफा हवाय आणि जवळ कॉइन नाही, त्याने मुद्दाम कॉइन घेऊन इन्व्हर्स लाँग करू नये. त्याला लिनिअरच हवा. आणि ज्याला एका बिटकॉइनइतकीच जोखीम हवी आहे आणि हातात एक बिटकॉइन आहेच, त्याला लाँगची गरजच नाही.

बदल करताना आधी जुनी पोझिशन बंद करा, मार्जिन मोकळं झाल्याचं बघा, मगच नवीन उघडा. दोन्ही एकदम चालू ठेवले तर मधल्या काळात निव्वळ जोखीम किती आहे हेच कळत नाही.

## इथे थांबा

पोझिशन लिक्विडेशनच्या जवळ असताना या तपासण्या करत बसू नका, आणि न समजता मार्जिन तर अजिबात घालू नका. इन्व्हर्स लाँगमध्ये आणखी कॉइन घातलं की लिक्विडेशन लांबतं, पण घातलेलं कॉइनही त्याच भावाबरोबर पडत असतं. पोझिशन लहान करा आणि मग शांतपणे हिशोबाला बसा.

सूत्राने काढलेला आकडा, फी आणि फंडिंग धरूनही, एक्सचेंजच्या आकड्याशी जुळत नसेल तर व्यवहारांचा पूर्ण इतिहास फाइलमध्ये उतरवून घ्या, ऑर्डर क्रमांकासह अ‍ॅपच्या आतल्या सपोर्टकडे तक्रार नोंदवा. लिक्विडेशन मार्क प्राइसवर, म्हणजे एक्सचेंजने काढलेल्या संदर्भ भावावर, होतं, शेवटच्या सौद्याच्या भावावर नाही, त्यामुळे त्या मिनिटाचा मार्क प्राइस मागून घ्या. टेलिग्रामवर स्वतःहून "मदत" करायला येणाऱ्या कोणालाही काही पाठवू नका. सीड फ्रेज मागणारा माणूस सपोर्टचा नसतो.

कर हा माझा प्रांत नाही. भारतात व्हर्च्युअल डिजिटल अ‍ॅसेटच्या हस्तांतरणाच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे आणि त्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. पण कॉइनमध्ये मिळालेला फ्युचर्सचा नफा कुठे बसवायचा, आणि तो कोणत्या दिवशीच्या रुपयातल्या भावाने मोजायचा, हे क्रिप्टोचे हिशोब केलेल्या सीएला विचारा. जाताना कॉइनमधला नफा-तोटा, त्या वेळचा भाव आणि फंडिंग अशा तीन रकान्यांची फाइल घेऊन जा. अ‍ॅपमधला टक्केवारीचा स्क्रीनशॉट त्यांच्या काही कामाचा नाही.